‘शोधिसी मानवा’नंतर काय येतं?

गेल्या वर्षी रमजानच्या आधीची गोष्ट. दुपारी अम्मीला बरं वाटावं म्हणून मी मोबाइलवर मोहम्मद रफींचं ‘शोधिसी मानवा’ लावलं. अम्मीचं वय आता पंचाहत्तरच्या घरात. अलीकडे तिला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण हे गाणं तिने शेवटपर्यंत ओठ हलवत ऐकलं. गाणं संपलं. मोबाइलने आपल्या मर्जीने तिसरंच काही सुरू केलं, तशी ती एकदम म्हणाली, “ये नै. अब वो आता.”

“कोणतं, अम्मी?”

तिला सांगता येईना. नाव नाही, शब्द नाही. मी मोबाइल बंद केला. खोलीत दोन-तीन सेकंद शांतता झाली आणि त्या शांततेत ती गुणगुणायला लागली. ‘हा रुसवा सोड सखे’ची सुरावट होती ती. तेही रफीसाहेबांचंच.

मला हसू आलं आणि मग डोळे भरून आले. आमच्या डिलाईल रोडच्या खोलीत ही दोन गाणी अशीच एकामागून एक यायची. अब्बा ‘शोधिसी मानवा’ मोठ्या आवाजात लावायचे, अख्ख्या गॅलरीला ऐकू जाईल असं. शेजारच्या काकू पोळ्या लाटता लाटता ऐकायच्या. ते संपलं की पुढचं गाणं बायकोची समजूत काढणाऱ्या नवऱ्याचं. मग अम्मी लाजून आवाज कमी करायला उठायची आणि अब्बा तिचा हात धरून म्हणायचे, “रहने दे.” हे मी शंभरदा तरी पाहिलं असेल. गाणी मला वेगवेगळी कधी आठवतच नाहीत. आधी देवाचं, मग रुसव्याचं.

ती कॅसेट आता घरात नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर अब्बा गिरणीत परत गेले नाहीत. पुढे एका गोदामात हिशेब लिहायची नोकरी लागली, तिथल्या पहिल्या दिवाळी बोनसमधून त्यांनी ती विकत घेतली होती. मामूंनी सौदीहून आणलेला टू-इन-वन होता, कॅसेट मात्र ही एकच आमची स्वतःची, विकत घेतलेली. बाकीच्या सगळ्या मागून आणलेल्या. डिलाईल रोडचा पूल २०१८ मध्ये बंद झाला आणि २०२३ मध्ये पुन्हा पूर्ण सुरू झाला. त्या मधल्या वर्षांत आमची चाळही गेली. सामान हलवताना कॅसेटची पिशवी भंगारात गेली. अब्बा त्याच्या आधीच गेले होते.

मी ठरवलं, ती कॅसेट शोधायची. तीच गाणी नव्हे. गाणी तर मोबाइलवर सगळी आहेत. त्याच क्रमाने गाणी असलेली तीच कॅसेट.

काम सोपं वाटलं होतं. तसं ते नव्हतं. रफीसाहेबांनी श्रीकांत ठाकरे यांच्या संगीतात गायलेली ही मराठी गाणी म्हणजे चित्रपटाची गाणी नव्हेत. चित्रपटाचं गाणं असेल तर चित्रपटाचं नाव कळलं की कॅसेट सापडते. ही खासगी गाणी. त्या काळी अशी गाणी बहुधा ४५ आरपीएमच्या लहान तबकड्यांवर यायची, एका बाजूला जेमतेम सात मिनिटं, म्हणजे फार तर दोन गाणी. ३१ जुलै १९८० ला रफीसाहेब गेले. पुढे कॅसेटचा जमाना आला तशी हीच गाणी एकत्र करून पुन्हा पुन्हा विकली गेली. कॅसेटच्या एका बाजूला अर्धा तास मावतो, त्यामुळे दरवेळी गाण्यांची जुळवाजुळव नव्याने झाली. दोन्ही बाजूंची लांबी सारखी यावी म्हणून एखादं गाणं इकडचं तिकडे जायचं. थोडक्यात, गाण्यांच्या यादीवरून कॅसेट ओळखता येत नाही, कारण यादी सगळीकडे जवळपास तीच. ओळखायची ती क्रमावरून. आणि क्रम होता फक्त आमच्या तिघांच्या डोक्यात: अम्मीच्या, भाईजानच्या आणि माझ्या.

मी आधी चुकीच्या पद्धतीने सुरुवात केली. वही घेऊन अम्मीसमोर बसले आणि विचारलं, “पहिलं गाणं कोणतं? दुसरं कोणतं?” ती गोंधळली, मग रडवेली झाली. मी शाळेत शिकवते, मला हे कळायला हवं होतं. मुलाला विचारा, ‘म’च्या आधी कोणतं अक्षर? तो ‘प’पासून मनात म्हणत येतो आणि मग ‘भ’वर थांबतो. पाठ केलेली माळ एकाच दिशेने ओघळते. मधूनच उचलता येत नाही आणि उलटी तर नाहीच.

अमेरिकेतल्या जॉर्जटाऊन विद्यापीठात अँबर लीव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काम केलं आहे, ते २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांनी लोकांच्या आवडत्या सीडीवरच्या गाण्याचा शेवट ऐकवला आणि नंतर नुसती शांतता ठेवली. पुढचं गाणं ज्यांना सवयीने ठाऊक होतं, त्यांच्या मेंदूत ते गाणं वाजायच्या आधीच तयारी सुरू झालेली दिसली. अनोळखी गाण्याच्या शेवटानंतर तसं झालं नाही. म्हणजे पुढच्या गाण्याची आठवण साठवलेली असते ती आधीच्या गाण्याच्या शेपटीला आणि त्यानंतरच्या शांततेला.

मग मी पद्धत बदलली. एक गाणं शेवटपर्यंत वाजवायचं, लगेच बंद करायचं, बोलायचं नाही, आणि अम्मी काय करते ते पाहायचं. प्रश्न विचारायचा नाही. दिवसाला दोन गाणी, जास्त नाही. ‘शोधिसी मानवा’नंतर तीन वेगवेगळ्या दिवशी तिने ‘रुसवा’च गुणगुणलं. ती जोडी पक्की झाली. दोन-तीन गाण्यांनंतर ती नुसती बसून राहिली, तिथे मी वहीत रेघ मारली. आणि ‘रुसवा’ संपल्यावर एक गंमत झाली. ती काहीच गुणगुणली नाही. तिने पलंगावर हात टेकला आणि उठायला लागली.

“कुठं चाललीस?”

तिलाही कळलं नाही. पण मला कळलं. ती टेप पालटायला उठली होती. बाजू तिथे संपत होती.

मी हे भाईजानला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “काहीतरीच. ‘रुसवा’नंतर लगेच ‘अगं पोरी संभाल’ यायचं. एकाच बाजूला.” ‘अगं पोरी संभाल’ हे रफीसाहेब आणि पुष्पा पागधरे यांचं द्वंद्वगीत, कोळीगीताच्या ढंगाचं. भाईजान ठाम होता. अम्मीचं हल्लीचं डोकं आणि भाईजानचं शाबूत डोकं, यात लोक भाईजानवरच विश्वास ठेवतील. मीही जवळजवळ ठेवला होता. वाद मिटवला तो आमच्या कॅसेटच्या एका जखमेने.

१९८९-९० च्या सुमाराचा पावसाळा असावा. टू-इन-वनने फीत खाल्ली. अब्बांनी ती कात्रीने कापून काढली, चुरगळलेला तुकडा टाकून दिला आणि दोन टोकं सेलोटेपने जोडली. टाकलेला तुकडा साधारण एक वीत होता, कारण मी तो बोटाभोवती गुंडाळून खेळल्याचं मला आठवतं. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर सरकते. वीसेक सेंटीमीटरची वीत म्हणजे चार सेकंदांचं गाणं गेलं.

कोणत्या गाण्यातलं? अम्मी म्हणेल ‘रुसवा’तलं. ती आजही ते गाणं म्हणताना शेवटच्या कडव्यात अर्धी ओळ सोडून थेट पुढच्या ओळीच्या मध्यावर उडी मारते. मोबाइलबरोबर म्हणायला लागली की तिथून ती चार पावलं पुढे निघून जाते आणि रफीसाहेब मागे राहतात. मी म्हणेन ‘अगं पोरी’तलं. चौथीत असताना मी शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या तालमीत ते गाणं म्हटलं होतं आणि सुरुवातीलाच एक तुकडा गाळला होता. सगळा वर्ग हसला. मला कळेना काय चुकलं, कारण आमच्या घरी ते गाणं तसंच होतं.

इतकी वर्षं मी समजत होते की फीत दोनदा कापली गेली असावी. पण कात्री एकदाच लागली होती. कॅसेटच्या दोन बाजू म्हणजे दोन वेगळ्या फिती नव्हेत. फीत एकच. तिच्या अर्ध्या रुंदीवर पहिली बाजू असते, उरलेल्या अर्ध्या रुंदीवर दुसरी, आणि ती उलट्या दिशेने वाजते. पहिल्या बाजूचा शेवट जिथे आहे तिथेच दुसऱ्या बाजूची सुरुवात आहे, पाठीला पाठ लावून. म्हणून फीत एका ठिकाणी कापली की दोन गाणी जखमी होतात.

मी मोबाइलवरचं घड्याळ लावून मोजलं. अम्मी ‘रुसवा’त उडी मारते ती जागा गाणं संपायच्या साधारण पन्नास सेकंद आधी. मी चौथीत गाळलेला तुकडा ‘अगं पोरी’ सुरू झाल्यावर साधारण मिनिटभराने. दहा सेकंदांचा फरक कोऱ्या फितीचा धरता येतो, कारण पहिल्या बाजूच्या शेवटी आणि दुसरीच्या सुरुवातीला जितकी फीत रिकामी असते ती सारखी नसते. हिशेब जुळला. ‘रुसवा’ पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं आणि ‘अगं पोरी’ दुसरीचं पहिलं. एकाच बाजूला लागोपाठ असती तर एका कापाने दोन्हींत उडी आलीच नसती.

भाईजानही खोटा नव्हता. घरात टेप पालटायचं काम त्याचं होतं. गाणं संपलं की तो झडप घालून कॅसेट पालटायचा. त्याच्या हातांना मधली जागा लक्षातच राहिली नाही, त्याच्यासाठी ती दोन गाणी सलगच होती. हे त्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “अम्मीला बरोबर आठवतंय म्हणजे.” मला वाटतं, त्या दिवसापासून तो तिच्याशी पुन्हा पूर्वीसारखा बोलायला लागला, आजाऱ्याशी बोलल्यासारखा नाही.

आता माझ्याकडे तीन खुणा होत्या: ‘शोधिसी मानवा’च्या पाठोपाठ ‘रुसवा’, ‘रुसवा’वर बाजू संपते, आणि दुसरी बाजू ‘अगं पोरी’ने उघडते. जुन्या कॅसेट विकणाऱ्यांना मी निरोप पाठवले आणि प्रत्येकाला एकच मागणी केली: समोरचा रफीसाहेबांचा फोटो नको, आतल्या कागदाची मागची बाजू दाखवा. एका कॅसेटवर ही गाणी दोन वेगळ्या बाजूंना होती. दुसरीवर जोडी होती, पण उलटी, आधी ‘रुसवा’. तिसरीवर जोडी बरोबर होती, पण बाजूच्या मध्यात. तिथे माझा हात जवळजवळ पैसे पाठवायला गेला होता. एक जोडी जुळणं पुरेसं नसतं, ती बाजूवर कुठे आहे तेही जुळावं लागतं.

चौथी सापडली चोरबाजारात. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर गेले होते. एका चाचांकडे खोकंभर कॅसेट होत्या. डबीवर भलत्याच कव्वालीच्या कॅसेटचा कागद, आत कॅसेट रफीसाहेबांची. जुन्या मालात हे नेहमीचं असतं, डब्या आणि कागद अदलाबदल होतात, म्हणून कॅसेटच्या अंगावरचा छापाच वाचायचा. इथे तोही पुसट होता. वर रफीसाहेबांचं नाव दिसत होतं, खाली ‘मराठी’ एवढं कसंबसं वाचता येत होतं, गाण्यांची नावं गेलेली.

चाचांकडे तपासायला छोटा प्लेअर होता. अख्खी कॅसेट ऐकायला तासभर लागला असता. पण आमच्या जखमेनेच मला युक्ती शिकवली होती. मी त्यांना दुसरी बाजू अगदी सुरुवातीला आणायला सांगितली. बटण दाबलं. ‘अगं पोरी’चा ठेका सुरू झाला. मी लगेच थांबवलं आणि कॅसेट तिथल्या तिथे पालटली. दुसरीची सुरुवात म्हणजे पहिलीचा शेवट. थोडी मागे नेली. ‘रुसवा’. आणखी थोडी मागे. ‘शोधिसी मानवा’चा शेवट. पाच मिनिटांत काम झालं.

चाचा म्हणाले, “टीचर, आप तो हमसे भी पुराने कबाडी निकले.” दीडशे रुपये घेतले त्यांनी.

घरी आणल्यावर लगेच लावली नाही. मुंबईच्या दमट हवेत वर्षानुवर्षं पडलेल्या फितीवर पांढरी बुरशी धरते आणि फेरे एकमेकांना चिकटतात. काचेतून पाहिलं, पांढरं काही नव्हतं. कॅसेटमध्ये फितीला मागून दाबून धरणारी चिमुकली नमद्याची गादी असते, ती गळून पडली की आवाज घुसमटतो. ती जागेवर होती. मग पेन्सिलने थोडी सैल केली आणि प्लेअरमध्ये एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे गुंडाळली. प्लेअर दुरुस्तीवाल्याकडून नवा पट्टा घालून आणला होता, जुन्याचा पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता.

रविवारी अम्मीला खिडकीपाशी बसवून पहिली बाजू लावली. ती ओठ हलवत राहिली. ‘शोधिसी मानवा’ संपलं. मधल्या शांततेत मी कान देऊन ऐकलं आणि मला तेव्हा कधीच न कळलेली गोष्ट कळली. त्या शांततेत पुढच्या गाण्याची अगदी पुसट चाहूल होती, दूरच्या खोलीतून आल्यासारखी. फीत गुंडाळून पडून राहिली की एका फेऱ्याची चुंबकी छाप शेजारच्या फेऱ्यावर उमटते. एक फेरा वाजायला दीड ते तीन सेकंद लागतात, म्हणून गाण्याची सावली गाण्याच्या तेवढीच आधी ऐकू येते. अम्मी जे “अब वो आता” म्हणाली होती, त्यात तिच्या याददाश्तीइतकाच या सावलीचाही हात असेल. मोबाइलवर ती सावली नाही, तिथली शांतता कोरी असते.

‘रुसवा’ सुरू झालं. अम्मीने सवयीने हात पुढे केला, आवाज कमी करायला. मी तो धरला. काय बोलले ते सांगायला नको.

शेवटच्या कडव्यात ती उडी मारून पुढे गेली आणि थांबली. या कॅसेटला जखम नव्हती. अब्बांनी कापून टाकलेले ते चार सेकंद इथे शाबूत होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि जरा नाराजीने म्हणाली, “ये बीच में क्या आया?”

“हे आधीपासून होतंच, अम्मी. आपल्या कॅसेटवर नव्हतं.”

तिने मान हलवली, पटलं नसल्यासारखी. गाणं संपलं तशी तिने पलंगावर हात टेकला. या वेळी मी तिला उठू दिलं. तिने स्वतः कॅसेट काढली, पालटली, आणि बटण दाबलं.

मी आता आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत सहावीला ‘ळ’ शिकवताना ‘शोधिसी मानवा’ ऐकवते. उर्दू लिपीत ‘ळ’साठी स्वतंत्र अक्षर नाही, मुलं लाम लिहितात आणि ‘ल’ म्हणतात. या गाण्याच्या पहिल्याच ओळीत ‘ळ’ आहे. गाणं संपलं की मी मोबाइल बंद करते. वर्गात शांतता होते आणि मुलांना त्यात काहीच ऐकू येत नाही. मला येतं.